मुराबहा: विक्री की कर्ज, आणि मधे अडकलेला ‘वायदा’

मुराबहा म्हणजे मुळात अगदी साधी दुकानदारी. विकणारा सांगतो की हा माल मला शंभरला पडला, वर दहा माझा नफा, घ्यायचा तर एकशेदहाला घ्या. खरेदीचा भाव उघडा ठेवायचा एवढीच अट, त्यात खोटं बोललं तर सौदा मोडता येतो. जुन्या फिक्हमधे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, हा विश्वासावर चालणारा एक विक्रीप्रकार आहे, त्याचा उधारीशी संबंध असलाच पाहिजे असं काही नाही, आणि कर्जाशी तर अजिबातच नाही. मग व्याज हराम मानणाऱ्या इस्लामिक बँकांचा हाच सगळ्यात लाडका प्रॉडक्ट कसा झाला, आणि ज्यांनी तो होऊ दिला त्यांच्यातलेच काही जण आज त्याच्यावर का चिडतात, ते बघायला १९७०च्या दशकात जावं लागतं. त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो.

पहिल्या पिढीतल्या अर्थशास्त्र्यांचं स्वप्न वेगळं होतं. बँकेने धंद्यात भागीदार व्हायचं, नफा वाटून घ्यायचा, नुकसानही सोसायचं. इजिप्तमधे १९६३ला एका छोट्या गावात बचत बँकेचा प्रयोग झाला, १९७५ला दुबईत पूर्ण व्यापारी बँक उघडली. पण भागीदारीत एक जुनं दुखणं आहे, गिऱ्हाईक दोन वह्या ठेवतो आणि बँकेला तोट्याची दाखवतो. शिवाय ज्याला फक्त गाडी किंवा फ्रिज घ्यायचाय त्याच्याशी भागीदारी करणार कशी? नेमक्या याच वेळी, १९७६मधे, कैरोला डॉक्टरेट करणाऱ्या एका जॉर्डेनियन बँकरने जुन्या ग्रंथांतून एक उतारा शोधून काढला. उतारा बाराशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या इमामांचा, सुन्नी चार पंथांपैकी एक पंथच त्यांच्या नावाने चालतो. त्यात असं आहे की एक माणूस दुसऱ्याला वस्तू दाखवून म्हणाला, ही तू विकत घे, मी तुझ्याकडून इतक्या नफ्याने घेतो, तर असा व्यवहार चालेल. झालं, बँकेला हवं होतं ते मिळालं. गिऱ्हाईकाने ऑर्डर द्यायची, बँकेने माल रोखीने घ्यायचा आणि त्यालाच उधारीवर जास्त भावाने विकायचा.

पण त्याच उताऱ्यात पुढे जे आहे तिथेच सगळी मेख आहे. इमाम म्हणतात की वस्तू विकत घेतल्यावर दोघंही मोकळे असले पाहिजेत, मागणाऱ्याला वाटलं तर तो घेईल, नाही तर नाही. आधीच दोघांनी स्वतःला बांधून घेतलं तर सौदा बाद, कारण जी वस्तू अजून हातात नाही ती विकल्यासारखं झालं.

आता बँकेच्या बाजूने बघा. बँकेने पन्नास लाखांची मशीन मागवली आणि गिऱ्हाईक म्हणाला विचार बदलला, तर बँक ती मशीन ठेवणार कुठे? म्हणून बँकांना वचन बंधनकारक हवं होतं. अरबीत याला वअद म्हणतात, आणि गंमत म्हणजे आपल्या मराठीतला ‘वायदा’ तिथूनच आलाय, तसेच कर्ज, हवाला, दलाल, वसूल हे आपले बाजारातले शब्दही. ‘वायदे बाजार’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पक्का करार येतो, फिक्हमधे मात्र वअद आणि करार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वअद म्हणजे एकाने दिलेला शब्द. तो पाळणं चांगलं, मोडणं वाईट, पण कोर्टात ओढून पाळायला लावता येतो का, यावर शेकडो वर्षं मतभेद.

१९७९ला दुबईत इस्लामिक बँकांची पहिली मोठी परिषद भरली आणि तिथे ठरलं की हो, बांधता येईल. आधार घेतला दुसऱ्याच पंथाचा, उत्तर आफ्रिकेत जो चालतो त्याचा. त्या पंथात मत आहे की तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्याने काही करून बसलं तर तुम्ही बांधले जाता. त्यांचं ठरलेलं उदाहरण असं, तू तुझं घर पाड, बांधायला पैसे मी उसने देतो, आणि त्याने खरंच घर पाडलं. १९८३ला कुवेतच्या परिषदेने हेच पुन्हा उचललं, व्यवहाराच्या स्थैर्यासाठी बंधन बरं म्हणाले, पण प्रत्येक बँकेच्या शरिया बोर्डाने, म्हणजे तिच्या धर्मशास्त्रींच्या मंडळाने, आपापलं ठरवावं अशी पळवाटही ठेवली.

टीकाकारांचा राग इथून सुरू होतो आणि मला विचाराल तर तो बराचसा रास्त आहे. ज्या पंथाकडून ‘शब्द बांधतो’ हे घेतलं, तो पंथ हाच व्यवहार व्याजाची चोरवाट म्हणून संशयाने बघतो. त्यांच्याच जुन्या परंपरेत एक किस्सा नोंदलाय की एक माणूस दुसऱ्याला म्हणाला हा उंट माझ्यासाठी रोखीने घे म्हणजे मी तो तुझ्याकडून उधारीवर घेईन, पैगंबरांच्या एका सहकाऱ्याला हे विचारलं तेव्हा त्यांनी नापसंती दाखवून मनाई केली. आधुनिक मुराबहा तो उंटच आहे की! म्हणजे विक्रीची परवानगी एका पंथाची घेतली जो बंधन मानत नाही, बंधन दुसऱ्या पंथाचं घेतलं जो विक्री मानत नाही, आणि दोन्ही शिवून असं काहीतरी तयार केलं जे दोघांपैकी कुणालाच मान्य झालं नसतं. अशा जोडाजोडीला तल्फीक म्हणतात आणि फिक्हच्या वर्तुळात ही शिवी नसली तरी कौतुकही नाही.

शेवटी १९८८ला मुस्लिम देशांच्या संयुक्त फिक्ह मंडळाने मधला मार्ग काढला. एकाच बाजूने दिलेला शब्द बांधू शकतो, आणि तोही समोरच्याने त्यावर खर्च केला असेल तर, मोडणाऱ्याने एकतर माल घ्यायचा नाही तर झालेलं खरं नुकसान भरून द्यायचं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना बांधलं तर मात्र तो करारच झाला, ते चालणार नाही. कागदावर छान आहे. पण बँकेत बसलेल्या माणसाला विचारा, फॉर्मवर सही फक्त गिऱ्हाईकाची असते, बँक ‘मोकळी’ असते, आणि ती कधी मागे हटते का? कशाला हटेल!

आता एक व्यवहार पायरीपायरीने बघू म्हणजे टीका नेमकी कुठे लागते ते कळेल. रक्कम मी सोयीसाठी घेतलीय, पद्धत पाकिस्तानातल्या बँकांमधे चालते तीच. फैसलाबादच्या एका सूतगिरणीला ५ कोटींचा कापूस हवाय, पैसे ६ महिन्यांनी देईल. बँक स्वतः मंडीत जात नाही, तिला कापसातलं काय कळतं, म्हणून ती गिरणीलाच आपला एजंट नेमते. आधी मुख्य करार, मग एजन्सीचा कागद, मग ऑर्डर. बँक जिनिंगवाल्याला पैसे देते, गिरणी एजंट म्हणून गाठी ताब्यात घेते, या क्षणी कापूस बँकेचा. मग गिरणी लिहून पाठवते की तुमच्यासाठी माल घेतला, आता तो मी ५ कोटी ३० लाखांना घ्यायला तयार आहे, बँक म्हणते दिला. यानंतर कापूस गिरणीचा आणि ५.३० कोटींचं देणंही गिरणीचं. ते ३० लाख कसे ठरले? वर्षाला १२ टक्के, सहा महिन्यांचे ६. आणि तो १२चा आकडा येतो कुठून, तर बँका एकमेकांना ज्या व्याजदराने पैसे देतात त्या कराची दरावर थोडं वर चढवून. टीकाकार यावरच बोट ठेवतात. समर्थक म्हणतात दर नुसता मोजपट्टी आहे, सरबतवाल्याने दारूवाल्याइतकाच नफा लावला म्हणून सरबत हराम होत नाही. मला हा युक्तिवाद पटतो, फक्त सरबत खरंच सरबत असलं पाहिजे.

खरी परीक्षा त्या मधल्या काळाची आहे, जेव्हा कापूस बँकेचा असतो. त्या दरम्यान गोदामाला आग लागली तर नुकसान बँकेचं, आणि तेवढ्या जोखमीवरच नफ्याचा हक्क उभा आहे. प्रत्यक्षात हा काळ काही तासांचा, कधी मिनिटांचा, त्यावर विमाही उतरवलेला. त्याहून वाईट म्हणजे गिरणी गाठी आल्या की लगेच सोडून मशीनवर चढवते आणि ‘मी घ्यायला तयार आहे’चा कागद आठवड्याने पाठवते. तोपर्यंत कापसाचं सूत झालेलं, मग विकलं काय? हे पकडायचं तर तारखा जुळवायच्या. जिनिंगवाल्याचं बिल एजन्सीच्या कागदाआधीचं असेल तर माल गिरणीने आधीच घेतला होता, बँकेने फक्त पैसे दिले. पैसे पुरवठादाराऐवजी गिरणीच्या खात्यात गेले असतील तरी शंका. आणि जुना मुराबहा ज्या दिवशी फिटला त्याच दिवशी तेवढ्याच रकमेचा नवा उघडला असेल तर बहुधा जुनी उधारी नव्या नावाने पुढे ढकललीय. असा व्यवहार पकडला गेला तर त्याचा नफा बँकेला ठेवता येत नाही, दानाच्या खात्यात जातो.

एक फरक मात्र मान्य केलाच पाहिजे. ५.३० ठरले की ५.३०च. गिरणी दोन वर्षं लटकली तरी आकडा फुगत नाही, उशिराचा दंड लावला तरी तो दानालाच द्यावा लागतो. चक्रवाढीने मेलेल्या माणसाला हा फरक कागदी वाटणार नाही.

भारतात हे सगळं का दिसत नाही, तर आपला बँकिंग कायदाच, कलम ८, बँकेला मालाची खरेदी-विक्री करायला मनाई करतो. मुराबहात तर तेच मूळ. रिझर्व्ह बँकेने २०१७मधे हा विषय पुढे न नेण्याचं ठरल्याचं सांगितलं.

पाकिस्तानात उलटा अनुभव. १९८०मधेच तिथल्या सरकारी सल्लागार मंडळाने बजावलं होतं की मार्कअप, म्हणजे खरेदीच्या भावावर नफा चढवून उधारीवर विकणं, जपून वापरा, मागच्या दाराने व्याज येईल. १९८५ला सगळ्या बँका ‘बिनव्याजी’ जाहीर झाल्या आणि बँकांनी मार्कअपच धरला, तोही असा की गिऱ्हाईकाचाच माल कागदावर विकत घेऊन त्यालाच परत विकायचा. १९९१ला एका शरिया कोर्टाने आणि १९९९ला सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हे चालत नाही म्हटलं, २००२ला तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा खाली पाठवलं, २०२२ला परत व्याजाविरुद्ध निकाल आला आणि २०२७ अखेरची मुदत पडली. १९९९च्या खंडपीठावर बसलेले एक मुफ्ती स्वतः बँकांचे शरिया सल्लागार, तेच लिहून गेलेत की मुराबहा हा तात्पुरता आधार होता, मुक्कामाचं ठिकाण नव्हे.

आणि ज्यांना मालही नको, नुसते पैसे हवेत, त्यांच्यासाठी पुढची पायरी निघाली, तवर्रुक. बँक लंडनच्या मेटल बाजारातला धातू घेते, तुम्हाला उधारीवर विकते, तुमच्याच वतीने लगेच रोखीने तिसऱ्याला विकते, तुमच्या खात्यात पैसे, डोक्यावर जास्तीचं देणं. धातू गोदामातून हलतही नाही. २००९ला शारजात त्याच संयुक्त मंडळाने हा संघटित प्रकार नाजायज ठरवला, आणि त्याच वर्षी मलेशियाने अशाच सौद्यांसाठी पाम तेलाचा खास इलेक्ट्रॉनिक बाजार सुरू केला. तो चालू आहे.