स्क्रीनशॉटमधलं बोलणं: कोण म्हणालं, कधी आणि कुणाच्या आधी

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा एक स्क्रीनशॉट हाती आला आहे आणि त्यातलं बोलणं नावं, वेळ आणि क्रम यांसकट टाइप केलेल्या मजकुरात हवं आहे. त्या ग्रुपमध्ये तुम्ही स्वतः असाल, तर आधी चॅट एक्स्पोर्ट करून बघा. मजकुराची आयती फाइल मिळते आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. पण हाती फक्त चित्रच असेल, तर ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, पर्याय नाही.

टेसरॅक्ट हा मोफत मिळणारा ओसीआर प्रोग्रॅम मराठी आणि इंग्रजी एकत्र वाचतो. तो अशा स्क्रीनशॉटवर चालवला की साधारण असं काही हाती येतं:

```
आज
सेक्रेटरी काका
टँकर किती वाजता येणार? १:०२ PM
टँकरवाले भाऊ
चारपर्यंत येतो 9:०५ PM
गेट उघडं ठेवा १:०५ PM
टँकरवाले भाऊ
चारपर्यंत येतो
नक्की ना? १:०७ PM W
```

अक्षरं जवळजवळ सगळी बरोबर आहेत, पण अर्थ पार बिघडला आहे. हे वरून खाली वाचलं तर टँकरवाल्यानं १:०७ ला स्वतःचंच वाक्य पुन्हा म्हटलं आणि स्वतःलाच ‘नक्की ना?’ असं विचारलं, असं वाटतं. खरं तर ‘नक्की ना?’ हा मेसेज स्क्रीनशॉट काढणाऱ्याचा आहे. त्यानं टँकरवाल्याच्या मेसेजला रिप्लाय दिला, म्हणून तो जुना मेसेज त्याच्या बुडबुड्यात वरच्या चौकटीत दिसतो आहे. आपलं नाव आपल्याच फोनवर कधी दिसत नाही. बुडबुडा उजवीकडे असतो आणि त्याचा रंग हिरवा असतो, एवढीच खूण. ओसीआरनं अक्षरं उचलली. जागा आणि रंग मागे राहिले. म्हणजे कोण बोललं हे सांगणारी गोष्टच राहून गेली.

म्हणून टेसरॅक्टकडून नुसता मजकूर न घेता जागेसकट यादी मागवावी:

```
tesseract chat.png out -l mar+eng --psm 11 tsv
```

या `out.tsv` फाइलमध्ये प्रत्येक शब्दासमोर तो चित्रात डावीकडून आणि वरून किती पिक्सेलवर आहे, त्याची रुंदी आणि उंची किती, आणि वाचनाबद्दल प्रोग्रॅमला किती खात्री आहे, हे आकडे असतात. `--psm 11` म्हणजे विखुरलेला मजकूर जिथे दिसेल तिथून उचल. एरवी टेसरॅक्ट आधी पानाची मांडणी ओळखू पाहतो, आणि डावे-उजवे बुडबुडे त्याला वर्तमानपत्रातल्या दोन स्तंभांसारखे वाटू शकतात. मग आधी डावीकडचे सगळे मेसेज आणि नंतर उजवीकडचे सगळे, असा संवादाचा चुराडा होतो. ११ नंबरची पद्धत हा धोका टाळते, पण क्रमाची हमी ती अजिबात देत नाही. वरून अंतर सांगणाऱ्या `top` या रकान्यावरून क्रम आपणच लावायचा. हे करण्याआधी चित्र दुप्पट मोठं करावं, कारण वेळेचे बारीक करडे आकडे एरवी गळून जातात. डार्क मोडचा स्क्रीनशॉट असेल तर रंग उलटे करून ओसीआरला द्यावा आणि रंग तपासायला मूळ चित्र ठेवावं.

आता मेसेज वेगळे कसे करायचे? माझ्या मते सगळ्यात भरवशाचा खुंटा म्हणजे वेळ. मजकुराच्या प्रत्येक बुडबुड्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात वेळ असते, म्हणजे वेळ आली की मेसेज संपला. रिप्लायमध्ये उद्धृत केलेल्या जुन्या मेसेजला स्वतःची वेळ नसते. त्यामुळे वरच्या यादीत दुसऱ्यांदा आलेलं ‘टँकरवाले भाऊ, चारपर्यंत येतो’ हा वेगळा मेसेज नाही, हे तिथेच कळतं. कुणी मजकुरातच ‘4:30 ला या’ असं लिहिलं असेल, तर ते आकडे अंगानं मोठे असतात, त्यामुळे उंचीच्या रकान्यावरून ते बाजूला काढता येतात.

बुडबुडा कुणाचा हे ठरवायला शब्दाची जागा पुरत नाही, कारण लांब मेसेज दोन्ही बाजूंनी पडद्याचा बराचसा भाग व्यापतो. रंगच पाहावा, आणि तोही वेळेच्या शेजारचा, कारण उद्धृताच्या चौकटीचा रंग वेगळा असतो. फिकट थीममध्ये खालचा कोड पुरतो. त्यात `x` आणि `y` म्हणजे वेळेच्या शेजारच्या बिंदूची मूळ चित्रातली जागा, म्हणजे दुप्पट केलेल्या चित्रातल्या आकड्यांच्या निम्मे आकडे:

```python
from PIL import Image
img = Image.open("chat.png").convert("RGB")
r, g, b = img.getpixel((x, y))
mine = g - b > 20
```

पांढऱ्या रंगात हिरवा आणि निळा हे घटक सारखेच असतात. फिकट हिरव्यात हिरवा चांगलाच वरचढ असतो. थीम बदललेली असेल तर २० हा आकडा चालणार नाही. अशा वेळी माहीत असलेल्या एखाद्या बुडबुड्यावर तो ठरवून घ्यावा.

डावीकडे एकाच माणसानं लागोपाठ मेसेज टाकले तर नाव फक्त पहिल्यावर येतं. म्हणून ‘गेट उघडं ठेवा’ला नाव नाही, ते वरच्या मेसेजकडून घ्यायचं. पण स्क्रीनशॉटमधला अगदी पहिलाच बुडबुडा बिननावाचा असेल, तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवावं. अंदाजानं नाव लिहू नये.

आता त्या 9:०५ कडे वळू. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 दिसायला इतके जवळचे आहेत की दोन्ही भाषा एकत्र वाचताना गल्लत होते; ५ आणि 4 यांचंही तसंच. चूक पकडायला क्रम मदतीला येतो. १:०२ नंतर 9:०५ आणि त्याखाली पुन्हा १:०५, मध्ये तारखेची पट्टी नाही, म्हणजे वेळ मागे गेली. १ धरला की सगळं जुळतं. स्क्रीनशॉटच्या माथ्यावरचं फोनचं घड्याळही इथे कामी येतं, कारण ‘आज’च्या पट्टीखालचा कुठलाही मेसेज त्या घड्याळाच्या पुढचा असू शकत नाही. शेवटचा W म्हणजे मेसेजशेजारच्या दोन टिकांच्या खुणा, ओसीआरनं अक्षर समजून उचललेल्या; तो काढून टाकायचा.

उलट, वेळेवरून मेसेजचा क्रम मात्र लावू नये. वेळ मिनिटापर्यंतच दिसते आणि १:०५ चे दोन मेसेज आहेत. त्यांतला आधीचा कोणता हे फक्त जागाच सांगते.

‘आज’ म्हणजे कोणती तारीख? बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ती फाइलच्या नावातच असते, उदाहरणार्थ `Screenshot_20240312-131022.png`. हीच फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की नाव बदलतं आणि अक्षरंही पुसट होतात. म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी. मग हातात हे येतं:

```
[12/03/2024, 1:02 PM] सेक्रेटरी काका: टँकर किती वाजता येणार?
[12/03/2024, 1:05 PM] टँकरवाले भाऊ: चारपर्यंत येतो
[12/03/2024, 1:05 PM] टँकरवाले भाऊ: गेट उघडं ठेवा
[12/03/2024, 1:07 PM] फोनधारक: नक्की ना?
    > टँकरवाले भाऊ: चारपर्यंत येतो
```

इथे ‘मी’ लिहिलेलं नाही, कारण तोच मजकूर दुसऱ्याच्या हाती गेला की ‘मी’ बदलतो. दिसणारी वेळही त्या फोनच्या घड्याळाची असते. हाच ग्रुप दुबईतल्या घरमालकानं तिथल्या वेळेवरच्या फोनवर उघडला, तर १:०५ च्या जागी ११:३५ दिसेल. दोघांचे स्क्रीनशॉट एकत्र करायचे असतील, तर आधी सगळ्या वेळा एका देशाच्या घड्याळावर आणाव्या लागतात.

संवाद लांबलचक असेल तर स्क्रीनशॉट अनेक असतात, आणि फाइलच्या नावांचा क्रम हा संवादाचा क्रम असेलच असं नाही. पुष्कळ जण तळापासून वर सरकत स्क्रीनशॉट काढतात, त्यामुळे सगळं उलटं लागतं. जोडणी करायची ती दोन चित्रांत सामाईक असलेल्या मेसेजवरून. एक ‘हो’ जुळला म्हणून जोडू नये. ग्रुपवर ‘हो’ पन्नास असतात. लागोपाठचे निदान तीन मेसेज मजकूर, वेळ आणि बाजू या तिन्ही बाबतींत जुळले, तरच जोडावं. जोडणी झाली की पहिल्या बुडबुड्यावर ठेवलेलं प्रश्नचिन्ह बहुतेक वेळा आपोआप सुटतं, कारण नाव आधीच्या चित्रात असतं. दोन चित्रांत सामाईक काहीच नसेल, तर मध्ये `[खंड]` असं लिहून पुढे जावं, म्हणजे मधलं काहीतरी दिसत नाही हे वाचणाऱ्याला कळेल.