जोगेश्वरी लेणे : काळनिश्चिती आणि संरक्षण

मुंबईच्या जोगेश्वरी (पूर्व) भागातील हे ब्राह्मणी लेणे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असून त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. जुन्या लिखाणात ते जवळच्या आंबोली गावाच्या नावानेही येते. जमिनीच्या पातळीखाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, कोरलेले दालन, मोकळे अंगण आणि मग वीस खांबांचा चौरस मंडप अशी त्याची पूर्वेकडून आत जाण्याची वाट आहे. मंडपाच्या मध्यभागी चारही बाजूंना दारे असलेले गर्भगृह आहे. लेण्यात जोगेश्वरी देवीची नित्यपूजा चालते. लेण्याच्या माथ्यावर आणि चहूबाजूंनी दाट वस्ती आहे. त्यामुळे मुंबईत वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे आणि त्याचा भार कोणी उचलायचा, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न येथे फार स्पष्टपणे उभा राहतो.

काळनिश्चिती. लेण्याच्या निर्मितीचा काळ किंवा कर्ता सांगणारा शिलालेख उपलब्ध नाही. अभ्यासकांची मते त्यामुळेच एकमेकांपासून दूर गेली. एकोणिसाव्या शतकातील पाहणीकारांचा कल हे लेणे बरेच उत्तरकालीन, साधारण आठव्या शतकाच्या सुमाराचे मानण्याकडे होता. वेरूळ आणि घारापुरी ही त्यांच्या डोळ्यांसमोरची मापे होती. जोगेश्वरीचे झिजलेले, काहीसे ओबडधोबड दिसणारे काम त्यांना ऱ्हासकाळातील अनुकरण वाटले. विसाव्या शतकात हा क्रम उलटला. कलाइतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणे इ. स. ५२० ते ५५० च्या दरम्यानचे, म्हणजे घारापुरीच्या आधीचे मानले. पश्चिम भारतातील भव्य ब्राह्मणी लेण्यांचा आरंभ येथे झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटक सत्ता मोडल्यावर अजिंठ्याचे काम थांबले आणि तेथील कारागिरांची परंपरा कोकणाकडे सरकली, हा या मांडणीचा आधार होय.

कर्त्यांविषयीचा वाद याला जोडूनच येतो. वा. वि. मिराशी यांनी घारापुरीचा संबंध माहिष्मतीच्या कलचुरी घराण्याशी जोडला. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी घारापुरीत आणि साष्टी बेटावर सापडली आहेत. नाण्यांवर तो स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त म्हणवतो. दुसरा पक्ष कोकणच्या मौर्यांचा आहे. पुलकेशी दुसरा याच्या सैन्याने मौर्यांना जिंकून पुरी हे त्यांचे बंदर घेतल्याचे इ. स. ६३४ च्या ऐहोळे लेखात आले आहे. मौर्य काही काळ कलचुरींचे मांडलिक असावेत असे धरले, तर दोन्ही पक्षांत फार अंतर उरत नाही. पुराव्यांचा कल आज सहाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे किंवा मध्याकडे आहे आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पन्नास वर्षे इकडेतिकडे होण्याला त्यात वाव आहे.

या सगळ्या चर्चेत लेण्याच्या बाजूने बोलणारा पुरावा एकच आहे, तो म्हणजे कोरीवकाम. दारावरील एक शिल्पपट त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मंडपात नेणाऱ्या दारावर ध्यानस्थ बसलेली आकृती आहे आणि ती लकुलीशाची मानली जाते. पाशुपत पंथाचा हा आचार्य शिवाचा अवतार समजला जातो. हातातील लकुट म्हणजे दंड ही त्याची मुख्य खूण, आणि भोवतीचे चार शिष्य ही दुसरी. लेणे पाशुपतांचे आणि पाशुपत पंथाला आश्रय देणाऱ्या राजवटीच्या काळातले, हे अनुमान बव्हंशी अशा खुणांवर उभे आहे. दंडाची कड झिजून गेली आणि शिष्यांचे चेहरे विरघळले, तर उरेल ती मांडी घालून बसलेली एक आकृती. अशा आकृतीला कोणी बुद्ध म्हटले तरी दगडाकडून त्याला उत्तर मिळणार नाही. शिवपार्वतींच्या सारीपाटाचा आणि विवाहाचा प्रसंग दाखवणाऱ्या पटांचीही तीच स्थिती आहे. घारापुरीशी तुलना करून आधीनंतर ठरवायचे असेल, तर मूर्तींची ठेवण आणि वस्त्रालंकारांचे बारकावे दिसत राहिले पाहिजेत. लेख हरवला तरी त्याचा ठसा किंवा वाचन मागे राहू शकते. येथे तशी पूर्ण प्रत नाही, म्हणून संरक्षणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद इतिहासाच्या पद्धतीतूनच निघतो. वादाचा निकाल लागायचा आहे आणि एकमेव साक्षीदार झिजत चालला आहे.

दगड कसा झिजतो. जोगेश्वरीचा खडक घारापुरीच्या घट्ट बेसाल्टसारखा नाही. ज्वालामुखीच्या राखेत अडकलेले कोनदार दगडी तुकडे मिळून तो बनला आहे. कान्हेरी आणि अंधेरीची महाकाली लेणी याच जातीच्या खडकात आहेत. राखेचा भाग मऊ असतो, तुकडे कठीण असतात. पाणी मुरले की मऊ भाग आधी जातो आणि तुकडे फोडांसारखे बाहेर उरतात. जोगेश्वरीच्या खांबांचे आज दिसणारे खडबडीत रूप बरेचसे यातून आलेले आहे. ते कारागिरांच्या कमतरतेचे लक्षण धरून काळ पुढे ढकलणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी लेण्याच्या छतातील भेगांतून उतरते आणि वाटेत क्षार विरघळवते. पृष्ठभागावर आल्यावर पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मात्र दगडाच्या कातडीखाली वाढतात आणि कण न् कण सुटा करतात. घराच्या भिंतीला जो लोणा लागतो, तोच हा. पांढरी बुरशीसारखी भुकटी, खांबाच्या तळाशी ओलीचा पट्टा, बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज, ही त्याची लक्षणे.

केवळ पावसाच्या पाण्याने इतकी हानी व्हायला फार काळ लागला असता. माथ्यावरच्या वस्तीतले सांडपाणी आणि मैलापाणी झिरपू लागले की क्षारांचा पुरवठा बारमाही होतो. यातला फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. जी ओल दिवाळीनंतर आटत जाते आणि होळीपर्यंत सुकते, ती पावसाची. एप्रिल-मे महिन्यांतही जी भिंत ओली राहते, तिच्या वर कुठेतरी गळकी जलवाहिनी, तुंबलेले गटार किंवा शोषखड्डा असतो. पाण्याच्या नमुन्यात नायट्रेट आणि क्लोराइड वाढलेले आढळले, तर मैलापाण्याचा संशय पक्का होतो. या निदानावर उपाय ठरतो. पावसासाठी माथ्यावर उतार आणि चर काढून पाणी लेण्याबाहेर वळवावे लागते. मैलापाण्यासाठी मात्र पुरातत्त्व खात्याला काहीच करता येत नाही, कारण मलवाहिन्या महापालिकेच्या आहेत. दगडाच्या संवर्धनाचा कळीचा मुद्दा असा नगररचनेत जाऊन बसतो.

दुरुस्तीतही चुका होतात. भेगा आणि तुटलेले खांब सिमेंटने भरले की सिमेंटमधून पाणी सुटत नाही. ते शेजारच्या मऊ दगडात शिरते आणि लोणा नव्या जागी उमटतो, शिवाय सिमेंटचे स्वतःचे क्षार त्यात मिसळतात. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, म्हणून तो योग्य. नित्यपूजेतील तेल, शेंदूर आणि दिव्यांची काजळी यांनीही थर चढतात. पण पूजा थांबवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लोकांचा राबता असल्यामुळे हे लेणे विस्मरणात गेले नाही, हेही खरे आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार संरक्षित पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करता येत नाही. पूजा त्यात बाधित होत नाही.

कायद्याची रेषा. राज्यघटनेचा अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकतो आणि अनुच्छेद ५१क वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगतो. प्रत्यक्ष अंमल प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ यातून होतो. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकाभोवती अंतरांची बंधने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने ती थेट कायद्यात घातली. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, तेथे नवे बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, तेथे परवानगीने बांधता येते. दोन्ही मिळून बंधन ३०० मीटरपर्यंत पोचते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. अंतर लेण्याच्या दारापासून मोजत नाहीत, अधिसूचित हद्दीपासून मोजतात. (महापालिकेची वारसा यादी आणि तिच्या श्रेणी १९९५ च्या नियमावलीतून आलेल्या आहेत. ती व्यवस्था याहून वेगळी.)

समजा, हद्दीपासून ८० मीटरवर १९७५ साली बांधलेले पक्के घर आहे. छप्पर गळते, ते दुरुस्त करायचे आहे. घर १९९२ पूर्वीचे असल्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली चढवायची असेल, तर ते नवे बांधकाम ठरते आणि परवानगी मिळत नाही. शेजारी पाचसहाशे फुटांवर, म्हणजे विनियमित क्षेत्रात, इमारतीचा पुनर्विकास परवानगीने होऊ शकतो आणि ते टॉवर या घरातून दिसत राहतात. राग येतो तो अशा वेळी स्मारकावर येतो. बंधनाचा भार लेण्याला लागून राहणाऱ्या गरिबांवर सर्वांत जास्त पडतो आणि लाभ साऱ्या समाजाला होतो, ही विषमता संवर्धनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मान्य केली पाहिजे.

जोगेश्वरीच्या अतिक्रमणांचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. झोपडी हटवणे आणि कुटुंबाचे पुनर्वसन करणे ही दोन कामे वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात. मोफत घराच्या पात्रतेसाठी झोपडीधारकाला १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे द्यावे लागतात. पुरावे तपासून पर्यायी घरे तयार होईपर्यंत माथ्यावरचे पाणी झिरपतच राहते. म्हणून पुनर्वसनाची वाट न पाहता मधल्या काळात माथ्यावरच्या वस्तीला बंद मलवाहिनी देणे हा जास्त उपयोगी मार्ग आहे. वस्ती कायम होईल या भीतीने अशा सोयी टाळल्या जातात. त्या टाळल्याने वस्ती हटत नाही, दगड मात्र जातो. त्याच्या जोडीला सर्व शिल्पपटांचे त्रिमितीय मापन करून ठेवणे निकडीचे आहे. १८१९ मध्ये साष्टीतील लेण्यांवरचा हेन्री सॉल्ट यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेव्हापासूनची वर्णने, रेखाटने आणि छायाचित्रे आजच्या स्थितीशी ताडून पाहिली, तर कोणत्या पटाची झीज किती वेगाने होते ते कळेल आणि दुरुस्तीचा क्रम त्यावरून लावता येईल.