फाईल पडताळणी (लोड करण्यापूर्वीची)

बाहेरून आलेली फाईल डेटाबेसमध्ये घालण्यापूर्वी तिचे स्तंभ, प्रत्येक रकान्यातील मूल्याचा प्रकार आणि ओळींची संख्या तपासणे, आणि काही चुकीचे आढळल्यास कारण सांगून फाईल परत पाठवणे, म्हणजे फाईल पडताळणी. सीएसव्ही फाईलसाठी ती विशेष लागते, कारण त्या फाईलमध्ये नुसता मजकूर असतो. हा रकाना तारखेचा, तो लिटरचा, असे ती स्वतः काहीच सांगत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या गावच्या दूध संस्थेची फाईल उदाहरणादाखल घेऊ. संस्थेचा संगणक दर सत्राला संकलनाची फाईल तयार करतो, सचिव ती संघाकडे पाठवतात आणि दर दहा दिवसांनी त्यावरून सभासदांचे बिल निघते.

```
sanstha,sabhasad,tarikh,satra,prakar,litre,fat,snf
0047,0003,2024-06-05,M,B,6.5,7.1,9.0
...
T,186,1274.5
```

शेवटची `T` ओळ ही बेरजेची ओळ: वर १८६ नोंदी आहेत आणि एकूण दूध १२७४.५ लिटर आहे. पाठवताना लाईन गेली आणि फाईल अर्धीच पोहोचली, तर ही ओळ नसतेच. मधल्या ओळी गळाल्या असतील, तर मोजणी जुळत नाही. लिटरची बेरीज वेगळ्या कामाची. एक नोंद उडाली आणि दुसरी दोनदा आली, तर ओळी १८६च भरतात. चूक बहुधा बेरजेत सापडते.

खरा घोळ होतो तो सद्हेतूने. सचिव पाठवण्याआधी फाईल एक्सेलमध्ये उघडून एकदा नजर टाकतात आणि सवयीने सेव्ह करतात. एक्सेल `0047` ला संख्या समजून `47` करते. तारीख विंडोजच्या भारतीय मांडणीप्रमाणे `05-06-2024` होते. सेव्ह करताना यूटीएफ-८ पर्याय निवडला, तर फाईलच्या तोंडाशी बीओएम हे अदृश्य चिन्ह येते. मग पहिल्या स्तंभाचे नाव पडद्यावर `sanstha` असेच दिसते, पण प्रोग्रामला ते वेगळे वाटते. हे चिन्ह वाचतानाच काढून टाकावे. त्यासाठी फाईल नाकारणे म्हणजे माणसाला उगाच त्रास देणे.

तारखेचे प्रकरण मात्र गंभीर आहे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये `DateStyle` ची मांडणी `MDY`, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस, अशी असेल, तर `05-06-2024` ही ५ जून न राहता ६ मे होते, आणि कुठलीही त्रुटी येत नाही. तेरा तारखेपासून गाडी अडते, कारण तेरावा महिना नसतो. पण बिलाचा पहिला टप्पा १ ते १० तारखेचा. त्यातली एकही तारीख अडत नाही. एका दिवसाचे दूध गुपचूप दुसऱ्याच महिन्यात जमा होते, आणि सभासद बिल घेऊन भांडायला येतो तेव्हा कुठे कळते. म्हणून ‘तारीख म्हणून वाचता येते का’ एवढी परीक्षा पुरत नाही. सगळे रकाने आधी मजकूर म्हणूनच वाचावेत, मूल्य `YYYY-MM-DD` याच साच्यात आहे का ते पाहावे, आणि मगच त्याची तारीख करावी. संस्था क्रमांकही चार अंकी मजकूरच. पुढे शून्ये लावून तो आपणच दुरुस्त करण्याचा मोह होतो, पण ज्या एक्सेलने शून्ये खाल्ली त्यानेच तारखाही फिरवल्या असणार.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी स्तंभांची नावे आणि क्रम. ते चुकले तर तिथेच थांबावे, नाहीतर एका चुकीपोटी शेकडो निरर्थक तक्रारी निघतात. त्यानंतर मोजणी व प्रकार, आणि इथे मात्र पहिल्या चुकीवर न थांबता सगळ्या चुका एकदम गोळा कराव्यात. एकेक चूक सांगत राहिले तर सचिवांचे हेलपाटे थांबत नाहीत.

फाईल नाकारायची ती पूर्ण. १८३ ओळी घेऊन तीन सोडल्या, तर दुरुस्त फाईल पुन्हा येते तेव्हा त्या १८३ दुबार पडण्याचा धोका राहतो. निरोप असा असावा:

```
फाईल नाकारली: 0047_2024-06-05_M.csv
एकही नोंद लोड झालेली नाही.
ओळ 2, tarikh: "05-06-2024" आले, "2024-06-05" हवे (अशा 186 ओळी)
ओळ 2, sanstha: "47" आले, "0047" हवे (अशा 186 ओळी)
ओळ 2, sabhasad: "3" आले, "0003" हवे (अशा 186 ओळी)
फाईल बहुधा एक्सेलमध्ये सेव्ह झाली आहे.
संकलन सॉफ्टवेअरमधून नवी फाईल काढून, न उघडता पाठवा.
```

ओळ क्रमांक शीर्षकाची ओळ धरून मोजलेला आहे, कारण फाईल उघडणाऱ्याला तोच आकडा दिसतो. एकाच कारणाच्या १८६ तक्रारी एका ओळीत गुंडाळल्या आहेत.

या तपासणीला मर्यादा आहे. फॅट ७.१ ऐवजी १.७ टाईप झाले, तरी प्रकाराने ते निर्दोषच. म्हशीच्या दुधाला ते शक्य नाही हे सांगायला मूल्याच्या कक्षेची वेगळी तपासणी लागते, आणि ७.१ च्या जागी ६.१ पडले, तर तीही काही बोलत नाही.