८ मोठा की २.७५? कोव्हेरिअन्स आणि कोरिलेशन मॅट्रिक्स हाताने मांडताना

तीन शेअर घेऊ: एक बँकेचा, एक पोलाद कंपनीचा, एक साबण-तेल विकणाऱ्या कंपनीचा. पाच महिन्यांचे परतावे टक्क्यांत खाली दिले आहेत. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून बेतलेले आहेत.

| महिना | बँक | पोलाद | साबण |
|---|---|---|---|
| १ | ४ | १० | २ |
| २ | −२ | −२ | −१ |
| ३ | ३ | −४ | २ |
| ४ | १ | ८ | १ |
| ५ | −१ | −२ | १ |

सरासरी अनुक्रमे १, २ आणि १ येते. प्रत्येक आकड्यातून आपापली सरासरी वजा करा. बँकेचे फरक ३, −३, २, ०, −२. पोलादाचे ८, −४, −६, ६, −४. साबणाचे १, −२, १, ०, ०. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायलाच हवी. ती आली नाही तर चूक इथेच आहे, पुढे जाऊ नका.

आता बँक आणि पोलाद यांचे फरक महिन्यागणिक गुणा: २४, १२, −१२, ०, ८. बेरीज ३२. पाच महिने आहेत म्हणून ४ ने भागायचे. सरासरी याच आकड्यांतून काढली, त्यामुळे भाजक एकने कमी. दोन शेअर एकत्र किती हलतात हे सांगणारा कोव्हेरिअन्स आला ८. फरकांना स्वतःशीच गुणून तसेच बेरजेला ४ ने भागले की एका शेअरची हालचाल सांगणारा व्हेरिअन्स मिळतो आणि तो कर्णावर बसतो. सगळे भरल्यावर मॅट्रिक्स असा दिसतो:

| | बँक | पोलाद | साबण |
|---|---|---|---|
| बँक | ६.५ | ८ | २.७५ |
| पोलाद | ८ | ४२ | २.५ |
| साबण | २.७५ | २.५ | १.५ |

हा तक्ता पाहून बँकेचे पोलादाशी जास्त जुळते असे वाटते, कारण ८ हा २.७५ पेक्षा बराच मोठा. गोंधळ होतो तो इथेच. पोलादाचा शेअर मुळातच जोरात हलतो, त्याचा व्हेरिअन्स ४२ आहे. ८ मध्ये जुळणीबरोबर ती हालचालही मिसळलेली आहे.

ती वेगळी काढायला कोव्हेरिअन्सला दोघांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या, म्हणजे व्हेरिअन्सच्या वर्गमूळांच्या, गुणाकाराने भागायचे. येते ते कोरिलेशन. बँकेचे २.५५, पोलादाचे ६.४८, साबणाचे १.२२. म्हणजे ८ ला सुमारे १६.५ ने भागले की ०.४८, आणि २.७५ ला ३.१२ ने भागले की ०.८८.

| | बँक | पोलाद | साबण |
|---|---|---|---|
| बँक | १ | ०.४८ | ०.८८ |
| पोलाद | ०.४८ | १ | ०.३१ |
| साबण | ०.८८ | ०.३१ | १ |

क्रम उलटला. साबणाच्या ओळीत तर फरक आणखी ठळक आहे: २.७५ आणि २.५ जवळजवळ सारखे, पण त्यांचे कोरिलेशन ०.८८ आणि ०.३१. शिवाय परतावे ४ ऐवजी ०.०४ असे लिहिलेत तर कोव्हेरिअन्स दहा हजारपट लहान होतो, ८ चा ०.०००८. कोरिलेशन मात्र तसूभर हलत नाही.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक भाजकाची. `COVARIANCE.P` पाचाने भागते, `STDEV.S` चाराने. दोन्ही मिसळलीत तर ०.४८ ऐवजी ०.३९ येईल. ओळखायचे कसे? कर्ण बघा. तिथे १ ऐवजी ०.८ दिसले की भाजक जुळलेला नाही. `COVARIANCE.S` वापरा, नाहीतर सरळ `CORREL`.

मग कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स हवाच कशाला? पोर्टफोलिओची जोखीम त्यातूनच निघते. तिन्ही शेअरमध्ये सारखे पैसे असतील तर मॅट्रिक्समधल्या नऊही आकड्यांची बेरीज करून ९ ने भागायचे: ७६.५ भागिले ९, म्हणजे ८.५. वर्गमूळ २.९२ टक्के. पडताळणी सोपी आहे. प्रत्येक महिन्याचे तिन्ही फरक मिळवा: १२, −९, −३, ६, −६. वर्गांची बेरीज ३०६, भागिले ४, पुन्हा ७६.५. हाच हिशेब कोरिलेशनच्या तक्त्यावर केला तर ०.८४ येईल. उत्तर सुबक दिसते, पण पोलाद किती हलते हे त्यात कुठेच शिल्लक नाही, म्हणून ती जोखीम नव्हेच. माझे मत विचाराल तर कोणते दोन शेअर एकत्र चालतात हे कोरिलेशनवरून वाचावे, पण पैशांची वाटणी ठरवताना कोव्हेरिअन्सच हातात घ्यावा.

दोन्ही तक्त्यांची एक मर्यादा सामाईक आहे. पहिला महिना काढून बँक-पोलाद पुन्हा मांडा. सरासरी बदलते, चार महिन्यांच्या गुणाकारांची बेरीज फक्त २ उरते आणि कोरिलेशन ०.४८ वरून ०.०६ वर येते. जी जुळणी दिसत होती ती जवळपास सगळी एका महिन्याची, बँक चार टक्के आणि पोलाद दहा टक्के चढले त्याची होती. म्हणून खऱ्या शेअरांसाठी निदान ३६ ते ६० महिने घ्यावेत, आणि तेव्हाही एखाददुसरा टोकाचा महिना वगळून आकडा किती सरकतो ते पाहावे.