फॉरेस्ट प्लॉटमधली विषमता आणि I² चा घोळ: पार्श्वभूमी

औषधोपचारांवरच्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करणाऱ्या मेटा-ॲनालिसिसमध्ये प्रत्येक चाचणीचा निकाल एका चौकोनाने आणि त्याची अनिश्चितता आडव्या रेषेने दाखवणारा फॉरेस्ट प्लॉट असतो. त्याच्या तळाशी चाचण्यांच्या निकालांतली विषमता दाखवणाऱ्या I² ची टक्केवारी छापलेली असतेच. पुष्कळ वाचक आधी तिच्याकडे बघतात आणि ७५ च्या वर आकडा दिसला की ‘विषमता फार’ असा शेरा मारून मोकळे होतात. ही सवय गेल्या वीसेक वर्षांतली आहे.

चाचण्यांच्या निकालांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे की खरा, हे तपासायला १९५४ पासून Q ही कसोटी हाताशी होती. पण चाचण्या चार-पाचच असल्या की खरा फरकही तिला पकडता येत नाही, आणि चाचण्या भरपूर असल्या की क्षुल्लक फरकावरही ती बोट ठेवते. १९८६ मध्ये रँडम इफेक्ट्सची, म्हणजे औषधाचा खरा परिणाम चाचणीगणिक वेगळा असू शकतो असे धरणारी, सोपी पद्धत आली आणि ‘Q मध्ये फरक दिसला की रँडम इफेक्ट्स वापरा’ असा रिवाज पडला.

हा रिवाज किती तोकडा आहे ते हार्ट ॲटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम देण्याच्या प्रकरणात उघड झाले. १९९१ मध्ये सात छोट्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा मृत्यूचे ऑड्स निम्म्याहून खाली आल्याचे दिसले. १९९५ मध्ये ५८ हजारांवर रुग्णांच्या एका चाचणीचा निकाल आला आणि त्यात काहीच फायदा नव्हता. सगळे एका प्लॉटवर मांडले तर छोट्या चाचण्यांच्या लांब रेषा बहुतेक डावीकडे, म्हणजे फायद्याच्या बाजूला झुकलेल्या, तर मोठ्या चाचणीचा चौकोन ‘परिणाम नाही’ दाखवणाऱ्या मधल्या रेषेपाशी. सगळीकडे खरा परिणाम एकच आहे असे धरणाऱ्या फिक्स्ड इफेक्टमध्ये वजन जवळपास सगळे त्या चौकोनाला मिळते, त्यामुळे एकत्रित निकाल दाखवणारा डायमंड मधल्या रेषेलगत राहतो. रँडम इफेक्ट्समध्ये छोट्या चाचण्यांचे वजन वाढते, डायमंड डावीकडे सरकतो आणि औषध गुणकारी ठरते. इथे विषमतेचे कारण शोधायला हवे होते: अनुकूल निकालाच्याच छोट्या चाचण्या छापून आल्या का, आणि मोठ्या चाचणीत मॅग्नेशियम उशिरा दिले गेले का. दुसऱ्या मुद्द्यावर पुढे बराच वाद झाला.

मग २००२ मध्ये I² मांडला गेला आणि पुढच्याच वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकातून सगळीकडे पोचला.

I² = (Q − df) / Q × 100

इथे df म्हणजे चाचण्यांची संख्या वजा एक. उत्तर ऋण आले तर शून्य धरतात. २५, ५०, ७५ म्हणजे कमी, मध्यम, जास्त, असे ढोबळ टप्पेही तेव्हाच सुचवले गेले. सुचवणाऱ्यांनी ते जपून मांडले होते, वापरणाऱ्यांनी मात्र त्यांचा कायदा केला. नंतरच्या मार्गदर्शक पुस्तिकांनी एकमेकांवर चढणारे पट्टे दिले (३० ते ६०, ५० ते ९०), पण जुने तीन आकडेच तोंडी राहिले.

खरी गफलत मात्र टप्प्यांच्या आधीची आहे. निकालांत एकूण जी तफावत दिसते तिच्यातला किती वाटा योगायोगापलीकडचा आहे, एवढेच I² सांगतो. निकाल एकमेकांपासून किती लांब आहेत हे तो सांगत नाही. एक मुद्दाम रचलेले उदाहरण घेऊ. रक्तदाबाच्या एका औषधाच्या चार चाचण्यांत वरचा दाब ४, ५, ७ आणि ८ एमएम एचजीने उतरला, सरासरी ६. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १०. प्रत्येक चाचणीची प्रमाणत्रुटी, म्हणजे निकालातली योगायोगाची अनिश्चितता, २ असेल तर Q येतो १० भागिले तिचा वर्ग ४, म्हणजे २.५, तो df च्या ३ पेक्षा कमी, म्हणून I² शून्य. आता प्रत्येक चाचणीत चौपट रुग्ण घ्या आणि निकाल तेच ठेवा. प्रमाणत्रुटी १ होते, Q होतो १० आणि I² थेट ७० टक्के. औषधाचे आकडे तसूभरही हलले नाहीत, फक्त रेषा आखूड झाल्या. म्हणूनच मोठमोठ्या चाचण्यांच्या प्लॉटवर I² नव्वदच्या घरात असूनही सगळे चौकोन एकाच बाजूला दिसतात, आणि छोट्या चाचण्यांत शून्य टक्क्यांच्या आड मोठी तफावत दडून राहते.

फरकाचा खरा पल्ला बघायचा तर टाऊ, म्हणजे चाचण्यांमधल्या खऱ्या परिणामांचे प्रमाण विचलन, हवा, कारण तो परिणामाच्याच एककात असतो. वरच्या दुसऱ्या मांडणीत तो सुमारे १.५ एमएम येतो. त्यावरून काढायच्या प्रेडिक्शन इंटर्व्हलचा आग्रह २००९ च्या सुमारास धरला गेला. रँडम इफेक्ट्सचा डायमंड इथे साधारण ४.२ ते ७.८ दाखवतो, तो सरासरीबद्दल बोलतो. पुढच्या एखाद्या ठिकाणी औषधाचा परिणाम किती असेल याचा पल्ला मात्र, नेहमीच्या सूत्राने, उणे १.७ ते १३.७ इतका निघतो. तो एवढा रुंद येण्याचे एक कारण म्हणजे चारच चाचण्यांवरून टाऊचा अंदाज फार कच्चा असतो. काही प्लॉटवर हा पल्ला आता डायमंडखाली वेगळ्या रेषेने काढतात, पण पुष्कळ शोधनिबंधांत अजून तळाशी टक्केवारीच तेवढी असते.