धोंडस, पंखा आणि वीस अंश

भाद्रपदात वेंगुर्ल्याहून वहिनींचा फोन आला. परसातली तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, जून झाली होती, म्हणून त्यांनी धोंडस, म्हणजे काकडीचा कोकणी केक, केलं होतं. "भाऊजी, कृती तीच, माप तेच, १८० अंश आणि ४५ मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला वास आला म्हणून बघितलं, तर वरून करपून मधोमध चीर पडलेली. सुरी घातली तर आत सगळं ओलं पीठ!" शेजारच्या काकूंनी नजर लागल्याचं निदान करून मीठ-मोहऱ्या उतरवूनही टाकल्या होत्या.

नजरेचा यात काही संबंध नाही. बदललं होतं ते यंत्र. कृती ओटीजीसाठी लिहिलेली होती, म्हणजे वर आणि खाली तापलेल्या कांड्या असलेल्या साध्या ओव्हनसाठी. वहिनींनी ती नव्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये केली. त्यात कन्व्हेक्शन लावलं की मागच्या जाळीआडचा पंखा गरम हवा सतत फिरवत राहतो. अशा वेळी तापमान वीस अंशांनी कमी करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण वीसच का, आणि वेळेचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. माझा सगळा जीव या 'का'मध्ये आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

शाळेत आपण उष्णतेच्या तीन वाटा शिकलो: वहन, अभिसरण आणि प्रारण. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या धोंडसात तिन्ही दिसतात. जाड बुडाचं टोप चुलीवर, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालून टोपातून वहन, वरून तापलेल्या झाकणाचं प्रारण. आतली थोडी हवा जागच्या जागी हलते, पण ती फार काम करत नाही. ओटीजी हे त्याच टोपाचं विजेवर चालणारं रूप आहे. त्यातही पदार्थाला मिळणारी बरीचशी उष्णता कांड्या आणि तापलेल्या भिंती यांच्या प्रारणातून येते. हवेचा वाटा त्यामानाने लहान.

हा वाटा लहान का, तर हवा स्वभावतःच उष्णतेची वाईट वाहक आहे आणि प्रत्येक पृष्ठभागाला तिचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटून असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेल्या पिठाला १८० अंशांची हवा सरळ भिडत नाही. मध्ये हा थर गोधडीसारखा पसरलेला असतो, आणि पिठातून निघालेली वाफ त्यातच घोटाळत राहते. पंखा सुरू झाला की हा थर झिजून पातळ होतो. उष्णता आत लवकर पोचते आणि वाफ बाहेर लवकर निघून जाते. किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ऊन तेवढंच असलं तरी वारा पडलेल्या दिवशी बांगडा ओला राहतो आणि वारा सुटला की चटकन कडक होतो. बशीतला चहा फुंकताना आपण याच थराला हटवतो. फरक इतकाच की तिथे उष्णता बाहेर जाते आणि ओव्हनमध्ये आत येते.

आता वीस अंशांचं गणित. पुष्कळांना वाटतं, १८० मधले २० म्हणजे जेमतेम नववा भाग, एवढ्याने काय बिघडतं? इथेच फसगत होते. उष्णता वाहते ती दोन तापमानांमधल्या फरकामुळे. पिठाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. म्हणून मोजायचं ते १०० पासून वर. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये उष्णतेला आत ढकलणारा फरक ८० अंशांचा असतो. १६० वर तो ६० उरतो. म्हणजे आपण नववा भाग नाही, चौथा भाग कमी केला.

समजा, पंख्यामुळे हवेकडून मिळणारी उष्णता दुप्पट झाली. हवेचा मूळ वाटा साधारण एक तृतीयांश धरला आणि प्रारण तेवढंच राहिलं, तर एकूण उष्णता एक तृतीयांशाने वाढते. साध्या ओव्हनमध्ये ८० गुणिले १, म्हणजे ८०. पंख्याच्या ओव्हनमध्ये ६० गुणिले चार तृतीयांश, म्हणजे पुन्हा ८०. हिशोब जुळला. हे आकडे ढोबळ आहेत, पंख्याचा वेग आणि ओव्हनचा आकार यांनुसार ते बदलतात. पण वीस अंश हा आकडा आभाळातून पडलेला नाही, हे यातून दिसतं.

याच हिशोबातून पुढची गोष्ट कळते. वीस अंश हा १७०-१८० च्या आसपासच्या कृतींसाठी आहे. फ्रूट केक १५० अंशांवर मंद भाजायचा असेल, तर १०० च्या वर पन्नासच अंश हातात असतात. त्यातले वीस काढून घेतले तर केक तासन्‌तास बसून राहील आणि कोरडा होईल. तिथे दहा-बारा अंश पुरतात. उलट २२०-२३० वर पाव किंवा पिझ्झा भाजताना चौथ्या भागाच्या नियमाने तीस अंश कमी करावेसे वाटतील, पण इतक्या तापमानाला प्रारण फार झपाट्याने वाढलेलं असतं आणि पंख्याचा तुलनात्मक वाटा घटतो. तिथेही वीसच ठेवावेत.

मग वेळ? इथे पदार्थाची जाडी निकाल देते. पंखा उष्णता पोचवतो ती फक्त पृष्ठभागापर्यंत. तिथून मध्यापर्यंतचा प्रवास वहनाने होतो आणि त्यावर पंख्याची सत्ता नाही. शिवाय हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. नानकटाई सेंटिमीटरभर जाड, तिला बाहेरची उष्णता मिळाली की सगळी मिळाली. म्हणून तिथे तापमान तेच ठेवून वेळ घटवला तरी चालतो, फक्त डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. पाच सेंटिमीटर जाडीच्या धोंडसाला ही मुभा नाही. तिथे तापमान उतरवायचं, वेळ जवळपास तोच धरायचा आणि पाऊण वेळ झाली की तपासायला सुरुवात करायची. तापमानही कमी आणि वेळही कमी असं दोन्ही एकदम केलं, तर मध्य कच्चा राहतो.

वहिनींच्या धोंडसाचं काय झालं ते आता उलगडतं. एक वाटी तांदळाचा रवा, दोन वाट्या किसलेलं तवसं, वाटीभर गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर सोडा. मिश्रण चांगलंच ओलं. पंख्याने वरची वाफ भराभर नेली आणि कातडी लवकर सुकली. पाणी संपलं की १०० अंशांचं कुंपण उठतं. पृष्ठभाग झपाट्याने दीडशेकडे सरकतो आणि लाल होऊ लागतो. त्यात गूळ. त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे तो पांढऱ्या साखरेपेक्षा लवकर रंग धरतो. वरचं कवच घट्ट झालं तेव्हा आतलं पीठ फुगायचं होतंच. त्याला वाट मिळाली ती मधोमध, कवच फोडून.

म्हणून करपलेला माथा, चीर आणि कच्चा मध्य ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर तापमान जास्त होतं असं समजावं. रंग फिका, कडा टिनपासून खूप सुटलेल्या आणि घास कोरडा लागला, तर तापमान गरजेपेक्षा खाली गेलं आणि वेळ लांबला. एकच बाजू काळी पडली, तर ती वाऱ्याच्या तोंडाशी होती. दोन तृतीयांश वेळ झाल्यावर टिन एकदा फिरवावं. त्याआधी दार उघडू नये, कारण कवच धरलेलं नसतं आणि मध्य बसतो.

झाकणाचा मुद्दा मात्र नेहमी विसरला जातो. पंख्याचा सगळा प्रताप उघड्या पृष्ठभागावर. टिनवर फॉइल घट्ट लावलं किंवा झाकण ठेवलं, की आत पुन्हा स्थिर हवा आणि कोंडलेली वाफ. तिथे वीस अंश कमी करण्याचं कारण उरत नाही, मूळ तापमान ठेवावं आणि झाकण काढताना उतरवावं. उलट टिन इतकं मोठं असलं की भिंतींना टेकतं, तर वारा फिरायला जागाच नाही. चारी बाजूंनी दोन-तीन बोटं मोकळी हवीत आणि टिन फिरत्या तबकडीवर न ठेवता खालच्या जाळीवर हवं, म्हणजे बुडाखालूनही हवा जाईल. काही ओव्हन तर पंखा लावताच तापमान आपणहून उतरवतात. पुस्तिकेत तसं लिहिलं असेल, तर आपण पुन्हा कमी करू नये.

जाता जाता दोन समजुती. कोकणातली पावसाळी हवा ओव्हनमध्ये शिरून केक बिघडवते, असं मी अनेकदा ऐकलं आहे. ३० अंशांची अगदी दमट हवा १६० पर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याच्याही खाली जाते. ओव्हनच्या आत रत्नागिरीचा श्रावण आणि सोलापूरचा वैशाख सारखेच. दमटपणा त्रास देतो तो आधी, डब्यातल्या पिठाला, आणि नंतर, उघड्या ठेवलेल्या नानकटाईला. दुसरी समजूत जाहिरातींनी पसरवलेली: एअर फ्रायर म्हणजे काही नवं तंत्रज्ञान. तो लहान पोकळीचा आणि जोरदार पंख्याचा कन्व्हेक्शन ओव्हनच आहे. वारा जवळून आणि वेगाने येतो, म्हणून तिथे माथा आणखी लवकर करपतो.

पुढच्या रविवारी मी वेंगुर्ल्यालाच होतो. दुसरं तवसं किसलं. ओव्हन १६० वर तापवला. आत ठेवलेल्या छोट्या तापमापकाने १६८ दाखवलं, म्हणून आकडा १५० वर आणला. ओव्हनच्या पाटीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत असा फरक घरोघरी असतो. टिन खालच्या जाळीवर. विसाव्या मिनिटाला काचेतून माथा ओला चकाकत होता, तेव्हाच मला धीर आला. तिसाव्याला टिन फिरवलं. छत्तिसाव्याला विणायची सुई मधोमध घातली, चिकट निघाली. त्रेचाळिसाव्याला सुई स्वच्छ आली, आणि स्वयंपाकाचा तापमापक टोचला तर मध्यात ९७ अंश. माथा सपाट, रंग काजूच्या बोंडूसारखा तांबूस. वहिनींनी वहीतला १८० खोडून त्यावर १६० लिहिलं, आणि शेजारी कंसात 'पाटीवर १५०'.