उष्ण प्रदेशातील वाइनद्राक्षाची दुहेरी छाटणी (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने झाडून झोपते आणि वसंतात आपोआप फुटते. उष्ण प्रदेशात ती कधीच पूर्ण झोपत नाही, त्यामुळे तिचे वर्ष कात्रीने आखावे लागते. महाराष्ट्रात यासाठी वर्षातून दोन छाटण्या करून एकच पीक घेण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात खरड छाटणी होते आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, म्हणजेच फळछाटणी. राज्यातील वाइनद्राक्षांच्या बागा मुख्यतः नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर या घाटावरच्या जिल्ह्यांत आहेत. कोकणात व्यापारी बागा रुजलेल्या नाहीत. त्याचे कारण बहुतेक वेळा जांभ्याच्या जमिनीत शोधले जाते, पण खरी अडचण पावसाच्या तारखांत आहे.

खरड छाटणीत वेलीच्या आडव्या फांदीवर, म्हणजे ओलांड्यावर, एकेक डोळा राखून जुनी काडी काढून टाकतात. नव्या फुटीच्या डोळ्यांत साधारण 40 ते 70 दिवसांच्या काळात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. या काळात डोळ्यावर भरपूर ऊन पडावे लागते आणि वेलीची वाढ आवरती असावी लागते. म्हणून या दिवसांत पाणी कमी करतात, शेंडा खुडतात व दाट फुटी विरळ करतात. आभाळ दाटून राहिले आणि मुळांशी ओल वाढली की त्याच जागी घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, तयार होते. हे नुकसान वरून दिसत नाही. ऑक्टोबरात फुटी जोमदार येतात, पण त्यांवर घड नसतात.

घाटावर एप्रिलमध्ये होणारी ही छाटणी किनाऱ्यावर तशीच उचलून चालणार नाही. 15 एप्रिलला छाटले तर घडनिर्मितीचा काळ 25 मे ते 24 जून असा येतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तोवर मळभ धरून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस सुरू झालेला असतो. छाटणी 15 मार्चला केली, तर हाच काळ 24 एप्रिल ते 24 मे असा कडक उन्हात सापडतो. मात्र त्यासाठी आधीचे पीक फेब्रुवारीअखेर वेलीवरून उतरलेले हवे आणि उन्हाळ्यात ठिबकाला पाणी हवे. पाऊस धो धो पडणाऱ्या कोकणात मार्च-एप्रिलला विहिरी तळ गाठतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

पुढचे चार महिने पीक नसते, तरी बागेचे काम थांबत नाही. किनाऱ्यावर अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पान दिवसचे दिवस ओले राहते. त्यावर केवडा व करपा हे बुरशीचे रोग पसरतात. फवारलेले बोर्डो मिश्रण धुऊन जाते आणि पुन्हा फवारायला उघडीप मिळत नाही. पाने ऑगस्टमध्येच गळली तर काडीत अन्नसाठा होत नाही, ती नीट पक्व होत नाही आणि डोळे अवेळी फुटतात. माझ्या मते कोकणातील प्रयोगाचा निकाल इथेच लागतो. ओळींवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून पान कोरडे ठेवता येते, पण खर्च मोठा आणि किनाऱ्यावरचा वारा वेगळाच.

सप्टेंबरात काही काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहून गोडी छाटणीत किती डोळे राखायचे ते ठरते. छाटल्यानंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे द्रव्य विषारी असल्याने हातमोजे लागतातच. परतीचा पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो, तरी संध्याकाळच्या गडगडाटी सरी नंतरही येतात. पोंगा फुटलेल्या कोवळ्या फुटीवर अशी सर आली की केवडा थेट घडावर उतरतो. म्हणून घाई न करता 20 ऑक्टोबरच्या सुमारास छाटणे बरे.

मग गणित सरळ होते. 130 दिवसांत तयार होणारी जात 27 फेब्रुवारीला काढणीला येईल. फुलोरा नोव्हेंबरच्या शेवटी येतो आणि थंडीत भुरी या बुरशीच्या रोगाचा धोका असतो. आंब्याच्या मोहोरावर भुरी पाहिलेल्या बागायतदाराला तो काळ परका नाही.

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, रात्रीचे तापमान महत्त्वाचे ठरते. नाशिकला जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तर रत्नागिरीत तो साधारण 19 अंशांवर राहतो. उबदार रात्री मण्यातले मॅलिक आम्ल श्वसनात जळते. साखर चढते, पण आम्लता पडते आणि काळ्या जातींना रंगही कमी येतो. म्हणून नुसत्या गोडीवर काढणी ठरवू नये. बागेच्या निरनिराळ्या भागांतून शंभर मणी घेऊन साखर व पीएच दोन्ही मोजावेत. साखर 22 ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण 22 टक्क्यांना, पोहोचण्याआधीच पीएच 3.6 ओलांडू लागला, तर पांढऱ्या वाइनसाठी थोडी साखर सोडून लवकर तोडणे योग्य. कमी पडलेली आम्लता टार्टारिक आम्लाने भरता येते, गेलेला सुवास भरता येत नाही. तोडणी पहाटे, ऊन चढण्याआधी संपवतात आणि घड तासाभरात थंड खोलीत नेतात, कारण गरम मण्यांचा रस टाकीत पोहोचण्याआधीच आंबू लागतो.